फेसाला लगाम

शाळेत असताना विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याच्या दोन जाती होत्या, सुफेन आणि दुष्फेन. ज्यात साबणाला चटकन फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. रिठ्याचं एक संस्कृत नावही ‘फेनिल’ असंच आहे. म्हणजे पाणी असो की धुण्याचं द्रव्य, आपण त्याची परीक्षा फेसावरूनच करत आलो. आणि साबणाची वडी हातात होती तोवर ही परीक्षा अगदी खरी होती.

साबण दुष्फेन पाण्यात गेला की आधी त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी त्याची गाठ पडते. दोघांचा मिळून करडा, चिकट साका होतो. तोच बादलीच्या कडेला कड म्हणून बसतो. हे क्षार संपेपर्यंत घासलेला सगळा साबण वाया जातो. ते संपले की उरलेला साबण मोकळा होतो, फेस धरतो आणि मग मळाकडे वळतो. म्हणजे फेस ही साबण शिल्लक असल्याची पावती होती. फेस येईपर्यंत वडी घासत राहणारी आजी रसायनशास्त्राच्या हिशेबानेही बरोबरच होती.

ही पावती खोटी ठरली ती दोन शोध एकमेकांसमोर आले तेव्हा.

पहिला शोध १९३७ सालचा. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने स्वतःच पाणी भरणारं, धुणारं, खळबळणारं आणि पिळणारं घरगुती मशीन बाजारात आणलं. त्याला पुढून गोल दार होतं, आणि पिळताना ते इतकं हादरायचं की बोल्टांनी जमिनीला जखडावं लागे. दुसरा शोध १९४६ सालचा. प्रॉक्टर अँड गँबलने ‘टाइड’ ही पावडर काढली. ही साबण नव्हती. तिच्यातलं धुणारं द्रव्य कृत्रिम होतं आणि जोडीला क्षारांना बांधून ठेवणारं फॉस्फेट होतं. दुष्फेन पाण्यातही तिचा साका होत नसे आणि फेस मात्र भरपूर येई. इथेच फेसाचं आणि स्वच्छतेचं नातं तुटलं. साबणाचा फेस मेहनतीने मिळायचा, या पावडरीचा आयता येऊ लागला. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जुनी सवय होती. फेस दिसला की त्याला धुणं झाल्यासारखं वाटे, त्यामुळे फेस कमी करायची कुणालाच घाई नव्हती.

घाई झाली ती पुढून दार असलेल्या मशीनला. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये टब पाण्याने भरतो, कपडे बुडतात आणि खालची चकती किंवा मधला दांडा पाणी घुसळतो. फेस वर तरंगतो आणि कामात फारसा आड येत नाही. पुढच्या दाराच्या ड्रममध्ये पाणी तळाशी, पसाभर म्हणावं इतकंच. ड्रम आडवा फिरतो, आतल्या बाजूच्या पट्ट्या ओले कपडे वर उचलतात आणि माथ्यावरून खाली टाकतात. धोब्याने दगडावर आपटावं तसं ते ड्रमच्या तळावर आपटतात. इथे धुतं ते आपटणं.

आता या ड्रममध्ये फेस भरला असं समजा. वरून पडणारा शर्ट गादीवर पडावा तसा अलगद पडतो. आपटणं थांबतं. मशीन फिरत राहतं, वीज जळत राहते, पण मळ जागचा हलत नाही. १९५९ मध्ये हेंकेल या जर्मन कंपनीतले रसायनज्ञ हेर्बर्ट झिनर यांनी धुण्याचा हिशेब एका वर्तुळात मांडला. रसायन, उष्णता, वेळ आणि घुसळण असे त्यात चार वाटे. एक कमी केला तर दुसरा वाढवून भरून काढावा लागतो. जादा पावडर टाकणाऱ्याला वाटतं, आपण रसायनाचा वाटा वाढवला. तोच हात घुसळणीचा वाटा खाऊन टाकतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

यंत्राची दुर्दशा आणखी पुढे आहे. टबात पाणी किती आहे हे मशीन एका नळीत कोंडलेल्या हवेच्या दाबावरून ओळखतं. फेस तिथवर चढला की हा अंदाज चुकतो. मग पाणी बाहेर टाकायची वेळ येते. पंपाची पाती पाणी ढकलण्यासाठी असते, हवेने भरलेला फेस तिच्यात नुसता गरगरतो. पिळायच्या वेळी ड्रम आणि बाहेरच्या टबामधल्या अरुंद जागेत फेस दाटतो आणि मोटरला ब्रेक लावल्यासारखा धरून ठेवतो. आपल्या तोंडाला फेस येतो तेव्हा जी गत होते, तीच मशीनची. हल्लीची मशीनं हे ओळखून थांबतात, फेस बसायची वाट पाहतात आणि एक-दोन खळबळणी वाढवतात. काहींच्या पडद्यावर `Sud` अशी अक्षरंही येतात. बचतीसाठी घेतलेलं मशीन मग वेळ आणि पाणी दोन्ही उधळतं.

म्हणून १९४० आणि ५०च्या दशकांत एका वेगळ्याच, न फेसाळणाऱ्या पावडरीची गरज पडली. अमेरिकेत मोन्सँटोने ‘ऑल’ नावाची कमी फेसाची पावडर काढली. १९५७ मध्ये ती लीव्हरने विकत घेतली. प्रॉक्टर अँड गँबलची ‘डॅश’ १९५४ची. जर्मनीत हेंकेलने १९५७ मध्ये ड्रमच्या मशीनसाठी ‘डिक्सान’ आणली. पुढे अमेरिका बरीचशी वरच्या दाराकडे गेली आणि तिथे फेसाचं कुणाला फार वाटेनासं झालं. युरोपात मशीनच पाणी तापवतं, आणि थोडं पाणी तापवणं स्वस्त पडतं, म्हणून तिथे ड्रमच टिकला. त्याबरोबर फेस मारणारी पावडरही टिकली. आपल्या दुकानात ‘मॅटिक, फ्रंट लोड’ असं लिहून मिळते ती याच कुळातली.

फेस मारायचा कसा, याचं जुनं उत्तर मला फार आवडतं. पावडरीत थोडा साबणच घालायचा! लांब साखळीच्या मेदाम्लांचा हा साबण पाण्यातल्या कॅल्शियमला भेटतो, त्याचे बारीक न विरघळणारे कण होतात आणि ते बुडबुड्यांचे पापुद्रे फोडतात. म्हणजे ज्या साक्याने आजीच्या बादलीला कड आणली, तोच इथे फेसावर पहारा देतो. पण त्याला कॅल्शियम लागतं. पाणी फार सुफेन असलं तर पहारेकरी ढिला पडतो. म्हणून पुढे सिलिकोनची जोड आली. ते पाणी कसंही असलं तरी काम करतं. बादलीत हाताने धुवायच्या पावडरीत मात्र फेसावर असा पहारा नसतो. तिथे फेस हवाच असतो. ती ड्रममध्ये टाकू नये याचं कारण एवढंच.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर आमच्या घरातली फजिती टळली असती. वरून कपडे टाकायचं जुनं मशीन गेलं आणि पुढून दाराचं आलं, पण डब्यातला स्टीलचा पेला तोच राहिला. दर धुण्याला दोन पेले. कार्यक्रम ठरल्यापेक्षा पाऊण तास लांबू लागला, काळ्या कुडत्यांवर पांढरे ओरखडे दिसू लागले, टॉवेल पापडासारखे कडक झाले आणि दाराच्या रबराला कुबट वास येऊ लागला. कपडे नीट निघत नाहीत म्हणून आम्ही काय केलं? पावडर वाढवली.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढलाच नाही. “ताई, धुतलेले टॉवेल आहेत का?” म्हणाला. चार टॉवेल आत टाकले, पावडरीचा कप्पा रिकामा ठेवला आणि कोमट पाण्यावर मशीन लावलं. दहा मिनिटांत काचेवर बोट-दोन बोटं फेस चढला. चिमूटभरही पावडर न टाकता! आमच्या टॉवेलांत कित्येक धुण्यांची पावडर जमली होती आणि वास होता त्या चिकट थरावर वाढलेल्या जंतूंचा.

तो गेल्यावर मी पेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. भरला तेव्हा पावडर ९० ग्रॅम, म्हणजे दर धुण्याला १८० ग्रॅम. जुनं मशीन धुताना ५० लिटरच्या आसपास पाणी घ्यायचं, म्हणजे लिटरला साडेतीन ग्रॅमच्या वर थोडी. नवं साधारण १५ लिटर घेतं. तिथे तीच पावडर लिटरला १२ ग्रॅम झाली, तिपटीहून जास्त. पुड्यावर आमच्या चारेक किलो कपड्यांसाठी ६० ग्रॅम लिहिलं होतं. ६० भागिले १५ केलं की लिटरला ४ येतात, म्हणजे जवळपास जुन्याच मशीनचं प्रमाण. पुड्यावरचा आकडा कंजूष नव्हता, आमचा पेलाच चुकीच्या घरी नांदत होता.

मात्र सगळं पाण्याच्या लिटरांवर बसवू नये. पावडरीचा एक भाग पाण्यातल्या क्षारांसाठी खर्च होतो, तो पाण्याबरोबर वाढतो. दुसरा मळासाठी, आणि मळ कपड्यांवर असतो, मशीन कुठलंही असो. म्हणून वरच्या दाराला ड्रमच्या तिप्पट पावडर द्यावी असं गणित होत नाही. त्याच्यासाठी पुड्यावर जे माप वेगळं दिलेलं असतं तेच घ्यावं. बोअरवेलचं किंवा टँकरचं दुष्फेन पाणी असेल तर थोडी वाढ, धरणाचं सुफेन असेल तर थोडी घट. तेलकट, मळक्या कपड्यांवरचा मेद फेस आपोआप मारतो. एकदाच घातलेल्या ऑफिसच्या शर्टांत मारायला मेदच नसतो, म्हणून तिथे तीच पावडर जास्त फेसाळते आणि तिथे कमी टाकावी. पण काटकसरीच्या भरात फार कमीही नको, नाहीतर क्षार हीटरवर आणि कपड्यांत बसतात, पांढरे कपडे करडे होतात.

योग्य माप कळतं ते कानाने. धुणं चालू असताना दारापाशी उभं राहावं. धप्प, धप्प असा कपडे पडल्याचा आवाज यायला हवा आणि काचेतून कपडे पडताना दिसायला हवेत. काचेच्या तळाशी बोटभर फेस चालेल. आवाज मेला आणि काचेत नुसतं पांढरं दिसू लागलं की पुढच्या वेळी हात आखडावा. शेवटच्या खळबळणीला काचेवर फेस चिकटलेला असेल तर पावडर कपड्यांतच राहिली आहे.

टॉवेलांतून जुनी पावडर निघायला नुसत्या गरम पाण्याची तीन धुणी गेली. आमचा दोन किलोंचा पुडा आधी अकरा धुण्यांत संपत असे, आता तेहतीस होतात. स्टीलचा पेला मी मिठाच्या डब्यात टाकला.