‘हॅव’ आणि ‘हबेओ’: दिसायला भाऊ, पण नात्याचे नाहीत

मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हॅव’. आपल्याकडे ते क्रियापदच नाही, ‘असणे’वर काम भागतं. मग प्रश्न पडतो: संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी एकाच मूळ भाषेतून आल्या, तर त्या मूळ भाषेत ‘हॅव’ होतं आणि आपण ते हरवलं, की नव्हतंच आणि इतरांनी ते नंतर घडवलं?

पहिल्या नजरेत पुरावा ‘होतं’ याच बाजूचा वाटतो. इंग्रजी ‘हॅव’, लॅटिन ‘हबेओ’. आवाज जुळतो, अर्थ तोच. मीही आधी फसले होते. पण 1822 मध्ये याकोब ग्रिमने मांडलेला नियम लावून बघा. लॅटिनमधल्या शब्दारंभीच्या ‘क’ला इंग्रजीत ‘ह’ येतो: ‘केन्टुम’ (शंभर) – ‘हंड्रेड’, ‘कोर्नु’ (शिंग) – ‘हॉर्न’. म्हणजे ‘हॅव’चा लॅटिन भाऊ ‘क’ने सुरू व्हायला हवा. तो आहे ‘कापिओ’, म्हणजे ‘मी पकडतो’. ‘हबेओ’चा धातू वेगळाच.

ग्रीक ‘एखो’ तिसऱ्याच धातूचा. त्याचा संस्कृत नातेवाईक ‘सह्’: जिंकणे, सोसणे. आपलं ‘सहन’ त्यातलंच. एकच धातू ग्रीकमध्ये ‘जवळ असणे’ झाला, इकडे झाला नाही.

थोडक्यात, प्रत्येक भाषेने आपापलं, वेगळ्या धातूपासून, ‘हॅव’ बनवलं. आणि ते धातू बहुतेक पकडण्या-धरण्याचे. वारसा असता तर धातू एकच निघाला असता. लॅटिनमध्ये हा बदल जवळजवळ डोळ्यांसमोर दिसतो. तिथे ‘मिहि एस्त लिबेर’ (शब्दशः ‘मला पुस्तक आहे’) आणि ‘हबेओ लिब्रुम’ दोन्ही चालत. फ्रेंच, इटालियनपर्यंत येताना दुसरी रचना जिंकली. एमिल बेनव्हेनिस्तने 1960 मधल्या लेखात हाच मुद्दा मांडला: बदलाची नेहमीची दिशा ‘मला आहे’कडून ‘हॅव’कडे.

इथे एक सावधगिरी. मूळ भाषेत एखादं क्रियापद असेल आणि सगळीकडे बदललं गेलं असेल, ही शक्यता शून्य होत नाही. अतिप्राचीन हित्ती भाषेतही ‘धरणे, जवळ असणे’ अर्थाचं क्रियापद सापडतं. पण त्याचा धातू पुन्हा चौथाच! त्यामुळे तराजू ‘नव्हतं’कडेच झुकतो.

आणि आपणही जसंच्या तसं काही जपलेलं नाही. संस्कृतात ‘मम पुत्राः सन्ति’, म्हणजे षष्ठी. मराठीत ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’. सांगाडा जुना, विभक्ती नवी. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं, तर ते सध्या आपल्या घरी मुक्कामाला आलेत असं ऐकणारा समजेल. हा फरक ‘हॅव’ला दाखवता येत नाही.

शब्द सारखे दिसले की आधी ध्वनिनियम लावा, अर्थ नंतर जुळवा.