वार्षिक सभेच्या नोटिशीचा गुजराती पाठ : ओळवार भाष्य

कापसाच्या व्यापारामुळे यवतमाळ जिल्ह्याच्या बाजारपेठांत गुजराती आणि कच्छी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. कर्ती माणसे मराठी सफाईने वाचतात. सासरी आलेल्या आणि गुजराती लिपीतच शिकलेल्या वयस्क सभासद बायकांना मात्र संस्थेच्या फळ्यावरची मराठी नोटीस अडखळत वाचावी लागते. अशा इमारतीत नोटिशीचा गुजराती पाठ काढावा लागतो. या पाठाचा वाचक अहमदाबादचा नाही. त्याला गुजराती वाचायची आहे, पण पावती मराठीत मिळते आणि तक्रार घेऊन तो यवतमाळच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात जातो, तिथेही कागद मराठीच असतो. त्यामुळे भाषांतर वाचून कळले पाहिजे आणि मूळ कागदाशी जुळलेही पाहिजे.

खालच्या ओळी नमुन्यादाखल बांधलेल्या नोटिशीतल्या आहेत. गुजराती पाठ इथे देवनागरीत दिला आहे.

ओळ १. “वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. दि. १२/०९/२०२५.”
गुजराती : “वार्षिक साधारण सभानी नोटिस. ता. १२/०९/२०२५.”

गुजरातीत ‘सूचना’ म्हटले की ‘असे करा’ हा निर्देशाचा अर्थ आधी येतो, म्हणून मथळ्यावर ‘नोटिस’ हवे. ‘सर्वसाधारण’चे ‘साधारण’ होते आणि तेच योग्य आहे, कारण गुजराती सहकारी व्यवहारात हाच शब्द रुळलेला आहे. ‘दि.’चा ‘ता.’ होतो.

खरी गोम नोटिशीच्या तारखेत आहे. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. सभा २८ सप्टेंबरला असेल, तर १४ ते २७ सप्टेंबर हे चौदा दिवस मोकळे राहिले पाहिजेत, म्हणजे १३ सप्टेंबरपर्यंत नोटीस हातात पडली पाहिजे. मराठी नोटीस १२ तारखेला वाटली, भाषांतर मागे राहिले, आणि ते १५ तारखेला तयार झाल्यावर भाषांतरकाराने वर ‘ता. १५/०९/२०२५’ घातली, असे समजा. आता गुजराती कागदावरून मोजणाऱ्याला १६ ते २७ असे बाराच दिवस दिसतात. सभा वैध असूनही हरकतीला निमित्त मिळते. म्हणून गुजराती पाठावर मूळ नोटिशीचीच तारीख असावी आणि दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच सहीच्या वहीत नोंदवून द्यावेत.

ओळ २. “… सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, यवतमाळ.”
गुजराती : अक्षरशः तेच, फक्त गुजराती लिपीत.

गुजरातीत सहकारी संस्थेला ‘सहकारी मंडळी’ म्हणतात. भाषांतरकाराचा हात तिकडे वळणे स्वाभाविक आहे, पण नोंदणीकृत नाव हे नाव असते. ते भाषांतरले की नोंदणी प्रमाणपत्र, बँक खाते आणि पावती यांच्याशी असलेला दुवा तुटतो. पुढे मजकुरात सर्वसामान्य अर्थाने ‘संस्था’ येईल तिथे ‘सोसायटी’ लिहावे. यवतमाळच्या घराघरांत, दोन्ही भाषांत, तोच शब्द बोलला जातो.

ओळ ३. “महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ अन्वये…”
गुजराती : “महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नी कलम ७५ मुजब…”

‘कलम’ आणि ‘अधिनियम’ गुजरातीतही चालतात. धोका वेगळाच आहे. गुजरातचा स्वतःचा सहकारी मंडळी अधिनियम १९६१ चा आहे. भाषांतर करताना एखादा जुना गुजराती नमुना समोर ठेवला, तर ‘संस्था’ची ‘मंडळी’ होते, मग १९६० चे १९६१ होते आणि शेवटी कलमाचा क्रमांकही त्या नमुन्यातला उतरतो. वाक्य गुजराती म्हणून निर्दोष वाटते, पण कायदा दुसऱ्या राज्याचा होतो. म्हणून अधिनियमाचे नाव, वर्ष आणि कलम या तिन्ही गोष्टी मराठी कागदावरूनच उचलायच्या.

कलम ७५ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते. ३१ मार्चला वर्ष संपते, म्हणून ३० सप्टेंबर ही कड. आपली २८ तारीख कडेच्या दोन दिवस अलीकडे आहे. गुजराती पाठात तारीख चुकून महिना पुढे सरकली, तर नुसता घोटाळा होत नाही, संस्थेने कायदा मोडल्यासारखे दिसते.

ओळ ४. “सभा रविवार, दि. २८ सप्टेंबर २०२५ रोजी सायंकाळी ५:३० वाजता संस्थेच्या आवारात होईल.”
गुजराती : “सभा ता. २८ सप्टेम्बर २०२५, रविवारना रोज सांजे ५:३० वाग्ये सोसायटीना प्रांगणमां मळशे.”

इथे चार निर्णय आहेत. महिना अक्षरात लिहिला, म्हणजे दिवस आणि महिना उलटे वाचले जाण्याची शक्यता उरत नाही. वार सोबत ठेवला, म्हणजे आकडा चुकला तर वाराशी तो जुळणार नाही आणि चूक पकडता येईल. वेळेत विसर्गासारखी दोन टिंबे ठेवली. गुजराती पत्रिकांत ‘५-३०’ असेही लिहितात, पण तारखेतही आडवी रेघ असली की एकाच ओळीत रेघेचे दोन अर्थ होतात.

चौथा निर्णय अंकांचा. गुजराती लिपीतला पाचाचा अंक ‘प’ या अक्षरासारखा आणि दोनाचा अंक ‘र’सारखा दिसतो. घाईत टंकताना अंकाऐवजी अक्षर पडते. छापील कागदावर ते कळत नाही, पण संगणकावर ‘२०२५’ शोधले तर ती ओळ सापडत नाही. म्हणून संपूर्ण नोटिशीत एकाच प्रकारचे अंक असावेत. तारखा गुजराती अंकांत आणि रकमा इंग्रजी अंकांत, अशी सरमिसळ नको.

ओळ ५. “सन २०२४-२५ चा ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकारणे. नवीन देखभाल शुल्क नवीन वर्षापासून लागू करणे.”
गुजराती : “ता. ३१ मार्च २०२५ ना रोज पूरा थता नाणाकीय वर्षनुं सरवैयुं अने नफा-नुकसान खातुं स्वीकारवा बाबत. नवो मेन्टेनन्स चार्ज ता. १ एप्रिल २०२६ थी लागु करवा बाबत.”

ताळेबंदाला गुजरातीत ‘सरवैयुं’ हा जुना आणि चोख शब्द आहे. तो घ्यावाच, कारण व्यापारी घरातल्या आजीबाईंनाही तो कळतो. पण ‘नवीन वर्षापासून’ हे शब्द जसेच्या तसे उतरले, की गुजराती वाचकाला दिवाळीनंतरची कार्तिकी प्रतिपदा दिसते. चोपड्यांचे वर्ष तिथून सुरू होते. २०२५ मध्ये हा दिवस २२ ऑक्टोबरला आला आणि त्या दिवशी गुजराती पंचांगात विक्रम संवत २०८२ लागला. मराठी वाचकाला पाडवा आठवला तर तो १९ मार्च २०२६ चा. संस्थेच्या मनात मात्र १ एप्रिल २०२६ आहे. एकाच वाक्यातून तीन दिवस निघतात. पहिल्या आणि शेवटच्या दिवसात पाच महिन्यांहून अधिक अंतर आहे आणि तेवढ्या महिन्यांच्या वाढीव रकमेवरून उद्या भांडण होऊ शकते.

हा दोष मूळ नोटिशीचा आहे, भाषांतराने तो फक्त उघडा पाडला. भाषांतरकाराने आपल्या अंदाजाने तारीख घालू नये. सचिवांना विचारावे, त्यांनी मराठी नोटिशीतच दुरुस्ती करावी आणि मग ती गुजरातीत यावी. ‘सन २०२४-२५’ मात्र तसेच ठेवले तरी चालते. पण वर दाखवल्याप्रमाणे ‘३१ मार्च रोजी संपणारे’ असे फोडले, तर संवताचे वर्ष मनात येण्याला वावच राहत नाही.

ओळ ६. “थकबाकीदार सभासदांकडून उपविधींनुसार द.सा.द.शे. २१ दराने सरळव्याज आकारणे.”
गुजराती : “मुदतवीती बाकीदार सभासदो पासेथी उपविधि (पेटानियम) मुजब वार्षिक २१ टकाना दरे सादुं व्याज वसूलवा बाबत.”

नुसते ‘बाकीदार’ म्हटले, तर व्यापारी कानाला ते साधे वाटते. उधारी कोणाकडे नसते? पण २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यात थकबाकीदार ठरण्याआधी लेखी मागणीनंतरची तीन महिन्यांची मुदत आहे. मुदत उलटल्याची ही छटा ‘मुदतवीती’ शब्दात आहे, म्हणून तो जोडला.

‘उपविधी’ गुजराती कानाला अनोळखी आहे, तिथे ‘पेटानियम’ म्हणतात. तरीही सभासदाच्या हातातल्या पुस्तिकेवर ‘उपविधी’ छापलेले असते. म्हणून पहिल्यांदा दोन्ही शब्द द्यावेत आणि पुढे फक्त ‘उपविधि’ लिहावे. कधी पेटानियम, कधी नियम, कधी पेटाकायदा असे बदलत गेले, तर वाचकाला ती तीन वेगळी पुस्तके वाटतात.

‘द.सा.द.शे.’ उलगडताना ‘वार्षिक’ गाळू नये. बाजारात व्याज महिन्यावर बोलले जाते. “दीड टक्का” म्हणजे दरमहा, हे कोणी सांगत नाही. १२,००० रुपयांची बाकी तीन महिने राहिली, तर वार्षिक २१ टक्क्यांनी व्याज ६३० रुपये होते. तोच दर महिन्याचा समजला, तर आकडा ७,५६० वर जातो. आदर्श उपविधींतली २१ टक्के ही सरळव्याजाची कमाल मर्यादा आहे, म्हणून ‘सादुं’ हा शब्दही टिकला पाहिजे.

ओळ ७. “गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल. आपला, सचिव.”
गुजराती : “कोरमना अभावे सभा मुलतवी रहेशे तो ते ज सभा अडधा कलाक पछी ते ज स्थळे मळशे. लि., सचिव (मंत्री).”

‘गणपूर्ती’ला ‘कोरम’ हाच शब्द गुजराती नोटिशींत सर्रास येतो आणि मराठी सभासदही बोलताना तोच वापरतात. ‘मुलतवी’ शब्दाने सभा रद्द झाली असा समज होऊ नये, म्हणून ‘ते ज’, म्हणजे तीच, हे दोन्ही ठिकाणी राखले.

सहीची ओळ फसवी आहे. गुजराती संस्थांत सचिवाला ‘मंत्री’ आणि अध्यक्षाला ‘प्रमुख’ म्हणतात. मराठीत मंत्री मुंबईला बसतो. उपनिबंधकांकडे गेलेल्या कागदावर पद ‘सचिव’ आहे, म्हणून तेच पुढे ठेवून ‘मंत्री’ कंसात दिले.

तळटीप. “भाषांतरात तफावत आढळल्यास मराठी पाठ प्रमाण मानावा.”

ही ओळ दोन्ही कागदांवर हवी, पण तिच्यावर विसंबून चालत नाही. जिला मराठी वाचता येत नाही तिच्यासाठीच गुजराती पाठ काढला, आणि तिला मराठी पाठ प्रमाण आहे असे सांगून तिची चुकलेली तारीख परत मिळत नाही. म्हणून वाटण्यापूर्वी एकाने गुजराती कागदातले फक्त आकडे मोठ्याने वाचावेत (तारखा, कलम, वर्ष, दर, वेळ) आणि दुसऱ्याने मराठी कागदावर एकेकावर खूण करावी. मराठीत खूण न झालेला आकडा राहिला, तर गुजरातीत काहीतरी गळले आहे. गुजरातीत एखादा आकडा जास्त निघाला, तर भाषांतरकाराने पदरचे घातले आहे आणि ते सचिवांना दाखवल्याशिवाय कागद फळ्यावर लावू नये.