अनुचित प्रभाव : वृद्ध पालकांचे घर एका अपत्याच्या नावे
भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ नुसार, दुसऱ्याच्या मनावर वर्चस्व गाजवता येईल अशा स्थितीचा वापर करून गैरफायदा मिळवला, तर तो अनुचित प्रभाव ठरतो. वय, आजार वा मानसिक क्लेश यांनी खचलेल्या व्यक्तीशी केलेला व्यवहारही यात येऊ शकतो. असा करार आपोआप रद्द होत नाही. बाधित पक्षाला तो न्यायालयाकडून रद्द करून घ्यावा लागतो. बक्षीसपत्रालाही हीच कसोटी लागते.

मात्र वडील थकलेले आणि मुलगा जवळ राहणारा, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. सुभाषचंद्र दास मुशीब विरुद्ध गंगाप्रसाद दास मुशीब या खटल्यात अतिवृद्ध आजोबांनी नातवाला दिलेले बक्षीस सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये कायम ठेवले. केवळ नात्यावरून वर्चस्वाचे अनुमान निघत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

खरी लढाई तपशिलांची असते. समजा, अंथरुणाला खिळलेल्या आईची औषधे, पासबुक, फोन सारे थोरल्याच्या हाती आहे. मसुदा त्याच्याच वकिलाने केला, तो आईला कोणी वाचून दाखवला नाही आणि एकमेव घर गेले. अशा वेळी व्यवहार सचोटीचा होता हे सिद्ध करण्याचा भार थोरल्यावर येऊ शकतो. दुय्यम निबंधकाकडील नोंदणीने सही झाल्याचे कळते, मन मोकळे होते की नाही ते कळत नाही. आईला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हा प्रश्न म्हणूनच अधिक मोलाचा.