रंगाच्या रेषेखालचे क्षेत्रफळ

मनुष्याचे हृदय एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलते? प्रश्न शाळकरी वाटतो, पण त्याचे विश्वासार्ह उत्तर मिळायला तीनशे वर्षे लागली. मी इतिहासाचा एम.ए.; वैद्यकाशी माझा संबंध वाचनापुरता. परंतु हा इतिहास वाचताना जाणवले, की यातला कळीचा भाग म्हणजे एक आलेख आणि त्याखालचे क्षेत्रफळ. आठवी-नववीच्या गणितावर तो समजतो. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

विल्यम हार्वे याने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. त्याचा युक्तिवाद हिशेबाचा होता: अर्ध्या तासात हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे शरीरात एकूण नसतेच, तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. मात्र तो आकडा अंदाजाचा होता, मोजलेला नव्हता. पुढे दोनशे वर्षांनी, 1820 च्या दशकाअखेरीस, जर्मनीतील पशुवैद्य हेरिंग याने घोड्याच्या मानेतील एका शिरेत पोटॅशियम फेरोसायनाइड सोडले आणि दुसऱ्या बाजूच्या शिरेतून ठरावीक सेकंदांनी रक्ताचे नमुने काढले. लोहाचा क्षार घातला की ज्या नमुन्यात हे द्रव्य पोचले आहे तो निळा होई. वीस ते तीस सेकंदांत निळा रंग दिसला. फेरीला किती वेळ लागतो हे कळले. किती रक्त वाहते हे मात्र कळले नाही.

वेळेकडून प्रमाणाकडे जाण्याचे पाऊल जॉर्ज नील स्ट्यूअर्ट याने 1897 साली उचलले. त्याने कुत्र्याच्या हृदयाकडे मिठाचे द्रावण सोडले आणि पुढच्या धमनीत ते किती पातळ झाले आहे, ते रक्ताच्या विद्युतवाहकतेवरून काढले. तत्त्व साधे आहे. ओढ्यात मूठभर रंग टाका. पाणी थोडे असेल तर खाली रंग गडद दिसेल, पाणी भरपूर असेल तर फिका दिसेल. किती रंग टाकला हे ठाऊक आहे, किती फिका झाला हे मोजता येते. उरते ते पाणी, आणि ते हिशेबाने निघते.

एकदम टाकलेला रंग मात्र खाली एकदम पोचत नाही. आधी थोडा येतो, मग भरात येतो, मग हळूहळू ओसरतो. कोणत्याही क्षणी धमनीतून किती रंग गेला? प्रवाह गुणिले त्या क्षणीची तीव्रता. असे सगळे क्षण एकत्र मिळवले, की टाकलेला सगळा रंग हाती यायला हवा. प्रवाह कायम धरला, तर टाकलेला रंग बरोबर प्रवाह गुणिले तीव्रतेच्या रेषेखालचे क्षेत्रफळ. म्हणजेच प्रवाह काढायला टाकलेल्या रंगाला क्षेत्रफळाने भागायचे, एवढेच.

आता अडचण पाहा. ओढ्यातला रंग गेला की गेला. रक्त मात्र गोल फिरते. पहिल्या फेरीतला रंग पुरता ओसरण्याआधीच त्यातला काही भाग दुसरी फेरी करून परत येतो आणि उतरणारी रेषा पुन्हा वर वळते. मग पहिली फेरी संपली कुठे म्हणायचे?

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल येथे विल्यम हॅमिल्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1928 ते 1932 या काळात याचे उत्तर शोधले. त्यांनी मीठ सोडून रंगद्रव्य घेतले. त्यांच्या ध्यानात आले, की उतरणीचा सुरुवातीचा भाग ठरावीक प्रमाणाने घटतो. दर दोन सेकंदांनी आधीच्या चार-पंचमांश उरत असेल, तर पुढच्या दोन सेकंदांनीही त्याचा चार-पंचमांशच उरतो. अशी घट लॉगच्या आलेखकागदावर मांडली की सरळ रेषा येते. ती सरळ रेषा पट्टीने पुढे वाढवायची आणि परत आलेला रंग हिशेबातून वगळायचा.

समजण्यासाठी मी आकडे बांधून एक उदाहरण घेतो. 5 मिलिग्रॅम रंग हृदयाकडे जाणाऱ्या शिरेत सोडला. धमनीतल्या रक्तात सहाव्या सेकंदाला दर लिटरमागे 1 मिलिग्रॅम, आठव्याला 4, दहाव्याला 5, बाराव्याला 4, चौदाव्याला 3.2 आणि सोळाव्याला 2.6 सापडला. अठराव्याला 2.05 अपेक्षित होता, निघाला 2.3, आणि विसाव्याला तर 2.5. रेषा वळली, म्हणजे जुना रंग परत आला. आपण सोळाव्या सेकंदालाच मोजलेले आकडे सोडतो आणि पुढे प्रत्येक वेळी चार-पंचमांश करत जातो. सगळ्यांची बेरीज 30 येते. नमुने दोन-दोन सेकंदांनी घेतले आहेत, म्हणून क्षेत्रफळ 60. 5 भागिले 60 हा दर सेकंदाचा प्रवाह लिटरमध्ये. मिनिटाचा झाला 5 लिटर. विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढाला साजेसा आकडा.

शेपूट न वाढवता सोळाव्या सेकंदालाच थांबलो, तर क्षेत्रफळ सुमारे 40 भरते आणि उत्तर साडेसात लिटर येते. उलट, परत आलेला रंगही बेरजेत धरत गेलो, तर क्षेत्रफळ वाढत राहते आणि हृदय दुबळे दिसू लागते. या उदाहरणात क्षेत्रफळाचा तिसरा हिस्सा मोजलेलाच नाही. तो पट्टीने काढलेला आहे. पद्धतीचे बळ तिथेच आहे आणि धोकाही तिथेच.

धोका नेमका आजारी माणसात वाढतो. हृदय थकलेले असेल किंवा झडप गळत असेल, तर रंग इतका सावकाश ओसरतो की सरळ रेषा पुरती दिसण्याआधीच दुसरी फेरी येऊन मिसळते. ज्या रुग्णासाठी आकडा सर्वांत मोलाचा, त्याच्याच बाबतीत तो सर्वांत डळमळीत. खूण एकच: लॉगच्या कागदावर उतरणीचे ठिपके एका रेषेत बसत नसतील, तर उत्तर मानू नये. दुसरी चूक अधिक साधी. थोडा रंग पिचकारीतच राहिला, तर क्षेत्रफळ घटते आणि हृदय आहे त्याहून जोरकस भासते.

पुढे 1948 साली हॅमिल्टन, कूर्नांद आणि सहकाऱ्यांनी माणसांत ही रीत दुसऱ्या रीतीशी ताडून पाहिली. फिक याने 1870 साली सुचवलेली ती रीत प्राणवायूच्या हिशेबावर चालते आणि तिला हृदयाच्या उजव्या भागातले रक्त लागते. ते नळीने काढण्याची सोय तेव्हा नुकती झाली होती. दोन्हींची उत्तरे जुळली. मग 1957 साली मेयो क्लिनिकमध्ये इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग आला. तो प्रकाश शोषतो सुमारे 805 नॅनोमीटरला, आणि तिथे रक्तातला प्राणवायू कमी-जास्त झाल्याने मोजमाप फारसे बिघडत नाही. यकृत त्याला लवकर काढून टाकते, म्हणून चाचणी पुन्हा घेता येते.

1970 नंतर रंगाची जागा बहुतांशी थंड द्रावणाने घेतली. स्वान आणि गांझ यांच्या नळीच्या टोकाला तापमापक बसवतात आणि रक्त किती वेळ किती थंड झाले ते मोजतात. गारवा वाटेत शरीरात विरून जातो, म्हणून परत येणारी दुसरी लाट क्षीण असते आणि शेपटाचा त्रास पुष्कळ कमी होतो. आकडेमोड आता यंत्र करते, पण आत तोच भागाकार असतो. आलेख रेखीव उतरला आहे की नाही, हे मात्र आजही माणसालाच डोळ्यांनी पाहावे लागते.