उपाशी आतड्याचा उद्योग

मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला एखाद्याच्या पोटात गुडगुड होते आणि वर्ग हसतो. पोटात काही नसताना हा आवाज कशाचा?

आतड्याच्या हालचालींबद्दलचे आपले जुने ज्ञान जेवणानंतरचे आहे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन त्यांची आतडी क्ष-किरणांखाली पाहिली आणि १९०२ साली ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांना दोन हालचाली दिसल्या. एकीत अन्नाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो आणि अन्न पुढे सरकते. हे क्रमाकुंचन. दुसरीत आतडे जागच्या जागी ठिकठिकाणी आवळते. अन्नाचे तुकडे पडतात. मग आवळलेली जागा सैल होते, तुकड्यांच्या मध्यावर नवे आवळे पडतात आणि शेजारशेजारचे अर्धे भाग एकत्र येतात. यात अन्न फारसे पुढे जात नाही, पाचकरसांशी घुसळले जाते.

पण या पद्धतीत दिसते ते अन्न, आतड्याची भिंत नव्हे. आतडे रिकामे झाले की पडदाही रिकामा! साहजिकच उपाशी आतडे विश्रांती घेते अशी समजूत झाली. खरे तर त्याच सुमारास रशियात पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत बोल्डिरेव्ह यांना उपाशी कुत्र्यांच्या जठरात ठरावीक काळाने जोरदार आकुंचने आढळली होती. त्यांचा पूर्ण अर्थ लागायला साठाहून अधिक वर्षे जावी लागली.

१९६९ साली अमेरिकेत जोसेफ शुर्झेव्स्की यांनी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर लांबीभर विद्युत्-अग्रे बसवली आणि कुत्री शुद्धीवर व उपाशी असताना नोंदी घेतल्या. जोरदार हालचालींचा एक पट्टा वरच्या अग्रापाशी दिसे, काही वेळाने खालच्या, मग त्याच्याही खालच्या. म्हणजे ही आकुंचने एका जागेची नव्हती, ती प्रवास करीत होती! एकाच जागी नोंद घेऊन हे कळणे शक्यच नव्हते.

माणसात हे चक्र साधारण दीड ते दोन तासांचे असते. बराच काळ शांतता, मग तुरळक आकुंचने, आणि शेवटी पाच-दहा मिनिटे लागोपाठ जोरदार आकुंचने. हा पट्टा खाली सरकताना उरलेले अन्नकण, झडलेल्या पेशी आणि जीवाणू मोठ्या आतड्याकडे लोटतो. त्यात हवा व द्रव ढवळले गेले की गुडगुड ऐकू येते. जेवण झाले की चक्र थांबते. सतत काहीतरी तोंडात टाकणाऱ्याच्या आतड्यात मात्र झाडलोटीला सवडच मिळत नाही.

ही झाडलोट चुकली तर? १९७७ साली बेल्जियममध्ये व्हानट्रापेन आणि सहकाऱ्यांनी ज्या पाच रुग्णांत हे चक्र बिघडलेले पाहिले, त्या पाचही जणांच्या लहान आतड्यात जीवाणूंची अतिवाढ झालेली होती. मात्र अतिवाढ झालेल्या प्रत्येकात चक्र बिघडलेले असतेच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर आतड्यात राहिलेला आंधळा कप्पाही जीवाणूंना पुरेसा आसरा देतो.