‘दुबार नोंदी वगळल्या’ : एका चौकटीची कुळकथा

वैद्यकातल्या संशोधनांचा पद्धतशीर आढावा उघडला की सुरुवातीलाच एक आकृती भेटते. कोणत्या डेटाबेसमध्ये किती नोंदी सापडल्या, हे वरच्या चौकटीत असते. शेजारच्या चौकटीत, चाळणीला बसण्याआधीच वगळलेल्या दुबार नोंदींचा आकडा असतो. मतदार यादीतल्या दुबार नावांसारखाच हा घोळ दोन वह्यांमुळे निर्माण झाला.

पहिली वही अमेरिकेतली. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले. पुढे त्याच परंपरेतून ‘मेडलाइन’ आले. दुसरी अॅमस्टरडॅमची : ‘एक्सेर्प्टा मेडिका’, म्हणजे आजच्या ‘एम्बेस’चे मूळ. दोन्हीकडे पुष्कळशी नियतकालिके तीच, पण नोंद करणारे हात वेगळे.

एकच वही पाहून भागेल, हा समज 1994 मध्ये के डिकरसिन आणि सहकाऱ्यांनी मोडला. माहीत असलेल्या चाचण्यांपैकी मेडलाइनच्या शोधात सरासरी निम्म्याच सापडत होत्या. मग अनेक डेटाबेस धुंडाळणे भाग पडले आणि एकच लेख दोन-तीनदा हाती येऊ लागला.

तो ओळखणे मात्र सोपे नाही. समजा, एक लेख 1187 ते 1197 पानांवर आहे. मेडलाइन ‘1187-97’ लिहिते, एम्बेस ‘1187-1197’. एकीकडे लेखकाचे पूर्ण नाव, दुसरीकडे आद्याक्षरे. एकीकडे नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, दुसरीकडे संपूर्ण. संगणकाला हे दोन लेख वाटतात. रॉटरडॅमचे ग्रंथपाल विचोर ब्रेमर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ‘एंडनोट’ या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मांडलेल्या पद्धतीत पानांचे आकडेच उपयोगी पडले. पाने सगळीकडे पूर्ण लिहून घ्यायची, मग लेखक, वर्ष, शीर्षक, पाने यांच्या वेगवेगळ्या जोड्यांनी फेऱ्या मारायच्या. आधी कडक निकष, नंतर सैल. आणि सैल फेरीतल्या जोड्या डोळ्यांनी तपासायच्या.

तपासायच्या अशासाठी, की परिषदेतला गोषवारा आणि नंतरचा पूर्ण लेख यांचे शीर्षक पुष्कळदा तेच असते. ती दुबार नोंद नव्हे. दोन्ही ठेवून पुढे एकाच अभ्यासाखाली बांधायच्या असतात. तसे न केल्यास काय होते, ते मार्टिन ट्रॅमर यांनी 1997 मध्ये दाखवले. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरील औषधाच्या चाचण्यांची तीच माहिती पुन्हा पुन्हा छापली गेली होती. ती धरून हिशेब केला, तेव्हा औषधाचा परिणाम 23 टक्क्यांनी फुगला.

सुरुवातीला भेटलेली ती आकृती म्हणजे ‘प्रिस्मा’ आकृती. तिच्या 2009 च्या आवृत्तीत दुबार वगळून उरलेल्या नोंदींची चौकट आली, आणि 2020 च्या आवृत्तीत वगळलेल्यांचा आकडा वेगळा मागितला गेला. आढावा करणाऱ्याने एवढे करावे : मूळ एकत्र फाइल न छेडता जपावी, आणि प्रत्येक फेरीत किती नोंदी गेल्या ते लिहून ठेवावे. चुकून गेलेली नोंद परत आणायला दुसरा सोपा मार्ग नाही.