धर्म, संप्रदाय व कल्ट

धार्मिक समूहांचे समाजशास्त्रीय वर्गीकरण. एर्न्स्ट ट्रोल्च या जर्मन विद्वानाने १९१२ साली, जन्मानेच सभासदत्व देणारी व राज्यसत्तेशी जुळवून घेणारी चर्चसंस्था आणि स्वेच्छेने, कठोर आचाराच्या अटीवर प्रवेश देणारा संप्रदाय, असा भेद सविस्तर मांडला. पुढे स्टार्क व बेनब्रिज या समाजशास्त्रज्ञांनी, प्रचलित धर्मातून फुटून निघतो तो संप्रदाय आणि समाजाला सर्वस्वी नवे किंवा परके असे काही आणतो तो कल्ट, अशी व्याख्या केली. परंतु जोन्सटाउन येथे अशाच एका गटाच्या अनुयायांच्या १९७८ मधील सामूहिक मृत्यूंनंतर ‘कल्ट’ हा शब्द निंदावाचक झाल्याने बहुतेक अभ्यासक ‘नवधार्मिक चळवळ’ म्हणणेच पसंत करतात.

चर्चसंस्था व संप्रदाय हा भेद चर्चप्रधान युरोपातून आलेला असल्याने, जेथे संप्रदाय मूळ धर्माचा त्याग न करताच नांदतात त्या भारतात तो अपुरा पडतो. शिवाय नामाभिधानावर हक्कही अवलंबून असतात. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्यामुळे अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरे खुली होताच, स्वामीनारायण सत्संगींपैकी काहींनी, आपला धर्म हिंदूंहून भिन्न असल्याने तो कायदा आपणांस लागू नाही, असा दावा १९४८ मध्ये गुदरला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी १९६६ मध्ये तो फेटाळून, स्वामीनारायण हा हिंदू धर्मांतर्गत संप्रदायच होय, असा निर्णय दिला.